अकरा वाजताचा चेहरा सात वाजता : गुआ शाची खरी मर्यादा

प्रश्न : वय २६, वेंगुर्ल्याजवळ राहते. गेले तीन महिने रोज रात्री खोबरेल तेल लावून १५-२० मिनिटे गुआ शा, म्हणजे गुळगुळीत चपट्या दगडाने चेहऱ्याचा मसाज, करते आहे. रीलमध्ये दाखवतात तशी जबड्याची रेघ कधीतरी दिसते, पण डबल चिन जराही कमी झालेली नाही. मानेवर लाल ठिपके उठतात, ते विष बाहेर पडतं म्हणून का? गालाच्या हाडावर थोडा काळसरपणाही आलाय. मे महिन्यात लग्न आहे. जोर वाढवू की बंद करू?

उत्तर :

जोर वाढवू नका, उलट निम्म्याहून कमी करा. रात्रीऐवजी सकाळी करा. आणि गालाच्या हाडावरून दगड फिरवणे आजपासून पूर्ण थांबवा. ही तीन उत्तरे आधीच देऊन टाकते, कारण पहिल्या दोन गोष्टींना थोडा उशीर झाला तरी बिघडत नाही, तिसरीला मात्र उशीर परवडणारा नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि चिपळूणला माझे छोटेसे क्लिनिक आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, काढल्यानंतर ज्या स्त्रियांचा हात सुजतो, त्यांच्या हातातले साठलेले पाणी हलक्या हाताने वाट काढून देणे हे माझे गेल्या चौदा वर्षांचे मुख्य काम आहे. चेहऱ्याकडे मी नंतर वळले, आणि तेही लग्नसराईत मेकअप करणाऱ्या दोन मैत्रिणी नवऱ्या मुलींना माझ्याकडे पाठवू लागल्या म्हणून. त्यामुळे मी सौंदर्यापेक्षा पाण्याच्या बाजूनेच विचार करते, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

चेहऱ्याची ठेवण चार गोष्टींनी ठरते : हाड, चरबी, स्नायू आणि ऊतींमध्ये साठलेले पाणी. यांपैकी पहिल्या तिन्ही गोष्टी सकाळी सातला जशा असतात तशाच संध्याकाळी सहाला असतात. दिवसभरात बदलते ते फक्त पाणी, आणि हातात धरलेल्या दगडाने काही मिनिटांत हलवता येते तेही फक्त पाणीच. म्हणून तुमचा खरा प्रश्न दगड कसा फिरवायचा हा नसून, तुमच्या चेहऱ्यावर जे तुम्हाला खटकते आहे त्यात पाण्याचा वाटा किती आहे, हा आहे.

तो शोधायला काहीही विकत आणावे लागत नाही. सलग तीन दिवस, उठल्यावर दहा मिनिटांच्या आत आणि पुन्हा संध्याकाळी सहाला, त्याच जागी उभे राहून फोटो काढा. फोन खिडकीच्या कट्ट्यावर किंवा एखाद्या फळीवर टेकवून मागच्या कॅमेऱ्याने, किमान दीड मीटरवरून आणि टायमर लावून काढा. हाताच्या अंतरावरून घेतलेल्या सेल्फीत नाक मोठे आणि जबडा मागे गेलेला दिसतो, आणि हनुवटी दोन बोटे वर-खाली झाली तर डबल चिन येते नि जाते. सकाळी दिसणारे आणि संध्याकाळी नसणारे जे काही असेल ते पाणी. हनुवटीखालची वळी दोन्ही वेळा सारखीच दिसत असेल आणि समोर पाहत असताना ती चिमटीत धरता येत असेल, तर ती चरबी किंवा त्वचेचा सैलपणा आहे. तीन महिने रोज पंधरा-वीस मिनिटे दगड फिरवूनही ती हललेली नाही, यावरून तुमच्या बाबतीत उत्तर बहुधा हेच असावे असे मला वाटते. चरबीच्या पेशी घासल्याने वितळत नाहीत. तसे असते तर धुणी बडवणाऱ्या बायकांच्या दंडावर मांसच राहिले नसते. क्वचित हनुवटीचे हाडच लहान किंवा मागे असते आणि बारीक अंगाच्या मुलीलाही वळी दिसते. तिथे दगडाचाच काय, वजन कमी करण्याचाही फारसा उपयोग होत नाही.

आता पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण गुआ शाचा जो काही खरा परिणाम आहे तो इथेच आहे.

दिवसा आपण उभे किंवा बसलेले असतो, त्यामुळे जादा पाणी पायांकडे उतरते. म्हणून दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या बाईच्या घोट्यावर संध्याकाळी पैंजणाचा ठसा उमटतो. रात्री आडवे झालो की तो उतार नाहीसा होतो आणि पाणी चेहऱ्यातही पसरते. पापण्यांची त्वचा सर्वांत पातळ आणि तिच्याखालची ऊती सैल असल्याने पहिला फुगवटा तिथे दिसतो आणि मग गालाच्या खालच्या भागात. जेवणात मीठ जास्त गेले असेल, पोटावर झोपण्याची सवय असेल, पाळी जवळ आली असेल किंवा धुळीने रात्रभर नाक चोंदले असेल, तर तो वाढतो. उठून उभे राहिले की हे पाणी आपणहून उतरू लागते. त्यातले बरेचसे त्वचेतल्या अतिशय बारीक लसिकावाहिन्या उचलतात, कानापुढच्या आणि जबड्याखालच्या ग्रंथींतून मानेत नेतात आणि शेवटी गळ्याच्या तळाशी, कॉलर बोनच्या मागे, ते पुन्हा रक्तात मिसळते. निरोगी माणसात हे काम कोणीही हात न लावता दोन-चार तासांत उरकते.

या बारीक वाहिन्यांची रचना समजली की दाब किती द्यायचा हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यांच्या भिंतीतल्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात आणि बारीक तंतूंनी आजूबाजूच्या ऊतीला बांधलेल्या असतात. त्वचा अलगद ताणली गेली की ते तंतू ओढले जातात, कौले उचलली जातात आणि पाणी आत शिरते. तुम्ही जोराने दाबले तर वाहिनीच चपटी होते आणि नेमके उलटे घडते. एमिल व्होडर या डॅनिश माणसाने आपली लसिकानिचऱ्याची पद्धत १९३६ साली पॅरिसमध्ये मांडली. माझ्या कामाचा पाया तीच पद्धत आहे, आणि तिच्यात शिकणाऱ्याला सर्वांत कठीण जाते ती गोष्ट म्हणजे हात हलका ठेवणे. आपल्याकडे मालिश म्हटले की अंग रगडणेच डोळ्यांसमोर येते, त्यामुळे हे पटवून देताना मलाही दरवेळी दमायला होते.

म्हणजे सकाळी योग्य हाताने पाच मिनिटे केलेली गुआ शा तुम्हाला तुमचाच अकरा वाजताचा चेहरा सात वाजता देते. नवा चेहरा देत नाही. आणि रात्री झोपण्यापूर्वी केलेली काय देते? त्या वेळी चेहऱ्यातले पाणी दिवसभरात उतरलेलेच असते. जे थोडे उरले असेल ते तुम्ही हलवता, आणि लगेच आडव्या होऊन ते परत बोलावता. तुम्हाला रेघ ‘कधीतरी’ दिसते याचे कारण माझ्या मते एवढेच आहे.

आता ज्यांच्यावरून माझे स्वतःचे मत पक्के झाले त्या बाईंची हकिगत सांगते. दापोलीकडच्या एका शाळेत शिकवणाऱ्या, वय ३१, सकाळी डोळे आणि गाल फुगतात अशी त्यांची तक्रार होती. थायरॉइडची आणि लघवीची तपासणी त्यांच्या डॉक्टरांनी आधीच केलेली होती आणि दोन्हीत काही निघाले नव्हते. दिवस जुलैचे होते. पावसाळ्यातला खिडकीचा उजेड करडा आणि सगळीकडून सारखा असतो, सावल्या पडत नाहीत, त्यामुळे फोटोंची तुलना करायला तो फार सोयीचा असतो. मी त्यांना पाच दिवस फक्त उजव्या बाजूला गुआ शा करायला सांगितले आणि डाव्या बाजूला बोटही लावू दिले नाही. फोटो चार वेळा काढायचे होते : उठल्याबरोबर, मसाजनंतर सातला, नऊला आणि अकराला. सातच्या फोटोआधी तेल ओल्या फडक्याने पूर्ण पुसायचे, ही माझी अट होती. तेलकट गालावर उजेड चमकतो आणि हाड वर आल्यासारखे दिसते, रीलमधला अर्धा चमत्कार तर त्या चमकेचाच असतो.

सातच्या फोटोंत फरक खरोखर होता. उजव्या बाजूला कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंतची कड स्पष्ट होती, डावीकडे ती गालात मिसळलेली होती, आणि डोळ्याखालचा फुगवटाही उजवीकडे कमी होता. नऊच्या फोटोंत तो फरक शोधावा लागत होता. अकराचे फोटो त्यांच्या बहिणीला क्रम बदलून दाखवले, तेव्हा कोणती बाजू चोळलेली आहे हे तिला सांगता आले नाही. मी मोजपट्टीनेही कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आणि कानापासून हनुवटीपर्यंत अंतर घेतले होते, पण सातला दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला तरी तेवढी चूक माझ्या स्वतःच्या हाताने पट्टी धरण्यातही होते. म्हणून त्या आकड्यांवर मी काहीही उभे केले नाही.

चौथ्या दिवसाचे फोटो मात्र मला सर्वांत बोलके वाटले. पावसाळ्यात ताजी मासळी मिळत नाही, तेव्हा आपल्याकडे सुक्या मासळीचे डबे उघडतात, आणि आदल्या रात्री त्यांच्या घरी खारा बांगडा भाजलेला होता, सोबत लोणचे आणि पापड. त्या सकाळी त्यांची मसाज केलेली उजवी बाजू इतर दिवशीच्या मसाज न केलेल्या डाव्या बाजूपेक्षाही जास्त फुगलेली होती. पुढचे पाच दिवस मी मसाज पूर्ण बंद ठेवायला सांगितला आणि त्याऐवजी तीनच गोष्टी करायला लावल्या : रात्रीच्या जेवणातून सुकी मासळी, पापड आणि लोणचे काढायचे, जेवण साडेआठच्या आत करायचे, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवायची. त्या पाच दिवसांतला सातचा चेहरा आधीच्या आठवड्यातल्या मसाज केलेल्या बाजूच्या जवळपास पोहोचला. सगळ्यांच्या बाबतीत असेच होईल असे मी म्हणत नाही. ज्यांचा फुगवटा नाक चोंदण्याने किंवा पाळीच्या दिवसांमुळे येतो, त्यांना खाऱ्या बांगड्याशी वैर धरून काही मिळणार नाही. पण तीन महिने दगड फिरवण्यापूर्वी पाच दिवस हे करून पाहावे, असे मी आता येणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

तुमच्या लाल ठिपक्यांकडे येते. गुआ शा ही मूळची चिनी पद्धत अंगावरची, मुख्यतः पाठीवरची आणि खांद्यावरची आहे. ‘गुआ’ म्हणजे खरवडणे, आणि ‘शा’ म्हणजे त्याने उठणारे तेच लाल ठिपके. ते मुद्दाम उठवले जातात आणि साधारण दोन ते चार दिवसांत मावळतात. त्यात विष वगैरे काही नसते. दाबाने त्वचेतल्या केशवाहिन्यांमधून थोडे रक्त आजूबाजूला झिरपलेले असते, एवढेच. २००७ साली अकरा निरोगी व्यक्तींवर झालेल्या एका अभ्यासात, अंगावर अशा प्रकारे खरवडल्यावर त्या जागचा त्वचेतला रक्तप्रवाह पहिली साडेसात मिनिटे चौपट झालेला आढळला आणि पंचवीस मिनिटांनी मोजणी संपेपर्यंत तो वाढलेलाच होता. चेहऱ्यासाठी गुआ शा विकणारे लोक हाच आकडा सांगतात, पण तो ठिपके उठेपर्यंत केलेल्या अंगावरच्या खरवडण्याचा आहे, हे सांगत नाहीत. चेहऱ्यासाठी जास्त जवळचा पुरावा २०१८ च्या एका जपानी अभ्यासाचा आहे. त्यात गालावर पाच मिनिटे रोलर फिरवल्यावर रक्तप्रवाह नंतर किमान दहा मिनिटे वाढलेला होता. म्हणजे मसाजनंतर चेहरा तुकतुकीत दिसतो ते खरे आहे, मात्र हा हिशेब मिनिटांचा आहे. दगडाने सुरकुत्या जातात, त्वचा घट्ट होते किंवा जबड्याचा आकार कायमचा बदलतो, असे मानायला मला आजवर भरवशाचा आधार सापडलेला नाही आणि माझ्या पाहण्यातही तसे कधी आलेले नाही.

काशाच्या वाटीबद्दलही अनेकजणी विचारतात, म्हणून जाता जाता सांगते. आजी तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासायची तेव्हा तूप काळे व्हायचे आणि ‘उष्णता निघाली’ असे म्हटले जायचे. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. तेलातली आम्ले, घाम आणि घर्षण यांनी त्याचा अगदी बारीक थर सुटून तो काळपटपणा येतो. वाटीने पायाला छान वाटते हे अगदी खरे आहे, पण काळा रंग वाटीचा असतो, शरीराचा नव्हे. दगड जेडचा घ्या, गुलाबी स्फटिकाचा घ्या किंवा स्टीलचा घ्या, चेहऱ्याला तो कळत नाही. कड गुळगुळीत हवी आणि कुठे टवका उडालेला नसावा, इतकेच. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या चमच्याच्या फुगीर बाजूनेही हेच काम होते आणि तो साबणाने स्वच्छ धुता येतो.

गालाच्या हाडावरच्या काळसरपणाची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचा स्वभावच असा आहे की तिला घासले, भाजले किंवा चुरचुरवले की ती काळी पडून उत्तर देते. गालाच्या हाडावर त्वचेखाली मऊ गादी कमी असल्याने दगड आणि हाड यांच्यामध्ये त्वचा चेपली जाते, आणि रोज पंधरा-वीस मिनिटे ठिपके उठतील इतक्या जोराने हे झाले तर डाग पडणे स्वाभाविक आहे. तुम्हाला आधीपासून वांगाची सुरुवात असेल तर घर्षणाने ती वाढते. डाग कसा ओळखायचा? दगड फिरतो त्याच रेषेत लांबट काळेपणा असेल तर तो घर्षणाचा. दोन्ही गालांवर ढगासारखा पसरलेला, वरच्या ओठावर आणि कपाळावरही असेल, तर तो वांग असण्याची शक्यता जास्त आहे. दोन्ही प्रकारांत तिथला दगड थांबवणे आणि उन्हात निघताना सनस्क्रीन लावणे हे आधी करायचे. घर्षणाचा डाग फिकट व्हायला आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून लग्नाच्या तारखेकडे पाहता त्वचारोगतज्ज्ञांना याच महिन्यात दाखवा. औषधाच्या दुकानातून कोणी सुचवलेले गोरेपणाचे क्रीम मात्र लावू नका. त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड असते आणि त्याने नाजूक झालेल्या त्वचेवर पुढे साधा टॉवेलही टोचतो.

खोबरेल तेलाविषयी माझे मत अनेकांना रुचत नाही. नारळाच्या बागेत वाढलेल्या माणसाला खोबरेलाविरुद्ध बोलायला जड जातेच, पण दमट हवेत रात्रभर चेहऱ्यावर ठेवलेले खोबरेल रोमछिद्रे बुजवते. शिवाय ज्या बुरशीमुळे शिबे येतात, तिचे खाद्य अशीच स्निग्धाम्ले असतात. कपाळावर आणि जबड्याच्या कडेला एकसारखे बारीक, खाजणारे पुरळ आले तर ते तारुण्यपीटिकांचे नसून याचे असू शकते. सकाळच्या पाच मिनिटांसाठी कोणतेही हलके तेल चार-पाच थेंब किंवा साधे कोरफडीचे जेल पुरते. झाले की सौम्य फेसवॉशने धुवून टाकायचे.

आता पद्धत. सकाळी उठून तोंड धुतल्यावर बसून करायची, आडवे पडून नाही. सुरुवात चेहऱ्यापासून करू नका, गळ्यापासून करा, कारण पुढची मोरी तुंबलेली असताना मागून पाणी ढकलण्यात अर्थ नसतो. दोन्ही कॉलर बोनच्या वरच्या खोलगट जागी बोटांच्या पेरांनी अगदी हलके, त्वचा फक्त सरकेल एवढे, दहा वेळा फिरवा. मग कानाच्या मागून मानेच्या कडेने खाली कॉलर बोनपर्यंत दगड पाच वेळा उतरवा, एका वेळी एकच बाजू. मानेच्या पुढच्या भागावर, कंठाच्या आजूबाजूला अजिबात नाही, कारण तिथे थायरॉइड ग्रंथी असते. मानेच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दाबणेही टाळा. तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब आला तर काहींना भोवळ येते. त्यानंतर हनुवटीच्या मध्यापासून जबड्याच्या कडेने कानाच्या पाळीपर्यंत, नाकाच्या बाजूने गालाच्या मऊ भागावरून कानापुढे, आणि डोळ्याखाली आतल्या कोपऱ्यापासून कानशिलाकडे, असे प्रत्येकी पाच वेळा करा. डोळ्याखाली मात्र दगड नको, अनामिकेचे पेर पुरे. शेवटी पुन्हा कानामागून खाली गळ्याकडे पाच वेळा. दगड त्वचेवर जवळजवळ आडवा हवा, वरची कड आणि त्वचा यांत दोन बोटे जेमतेम जातील इतका. दगड फिरताना त्याच्यापुढे त्वचेची घडी पडत असेल किंवा मागे पांढरा पट्टा उमटून मग लाल होत असेल, तर दाब जास्त आहे. हे सगळे पाच-सहा मिनिटांत संपते, आणि यापुढची दहा मिनिटे फक्त घर्षणाची असतात.

जबड्याच्या कोपऱ्यात रुंदी वाटत असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. कानाच्या पाळीखाली दोन बोटे ठेवून दाढा आवळा. बोटांखाली जाड, टणक गोळा वर येत असेल तर तो चावण्याचा स्नायू आहे. रात्री दात खाणाऱ्यांचा आणि सतत सुपारी चघळणाऱ्यांचा तो जाड होतो. तिथे बोटांनी गोलाकार, मध्यम दाबाने दोन मिनिटे केलेला मसाज स्नायूचा ताण उतरवतो, सकाळचा ठणका कमी करतो आणि चेहरा सैलावल्यासारखा दिसतो. स्नायू मात्र तेवढाच राहतो, तो लहान होतो तो काम कमी मिळाल्याने. सुपारीची सवय असेल आणि तोंडात आपलीच तीन बोटे उभी जात नसतील, तर सौंदर्याचा विषय बाजूला ठेवून आधी दंतवैद्याकडे जा.

काही चेहऱ्यांवर मी स्वतः हात लावत नाही. पिकलेली मुरुमे, ओठावरचे जराचे फोड, नुकतीच काढलेली दाढ, रक्त पातळ करणारी औषधे, आणि गेल्या दोन आठवड्यांत घेतलेली बोटॉक्स किंवा फिलरची इंजेक्शने, या सगळ्यांत थांबायचे. तसेच फुगवटा फक्त एकाच बाजूला असेल, हाताला गाठ लागत असेल, किंवा डोळ्यांभोवतीची सूज दुपारपर्यंतही उतरत नसेल आणि लघवीला फेस येत असेल, तर ते पाणी दगडाने हलवण्याचे नाही, त्याचे कारण डॉक्टरांनी शोधायचे असते.

लग्नाच्या दिवसाचे नियोजन तुमच्यासाठी असे करीन. आजपासून दोन आठवडे दगड पूर्ण बंद ठेवा, म्हणजे ठिपके जातील आणि गालाला विसावा मिळेल. नंतर आठवड्यातून तीन-चार सकाळी वरच्या पद्धतीने, गालाचे हाड वगळून करा, आणि एकदा अर्ध्या चेहऱ्याची चाचणी जरूर करून पाहा. तुमच्या चेहऱ्यावर परिणाम किती तास टिकतो हे त्याशिवाय कळणार नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत तो साधारण दोन ते चार तास दिसतो, आणि नंतर न केलेली बाजूही तिथे येऊन पोहोचते. मुहूर्त सकाळचा असेल तर मेकअपला बसण्याच्या अर्धा तास आधी करा, तेल धुवा आणि लाली उतरू द्या. मुहूर्त संध्याकाळचा असेल तर पाणी तोपर्यंत आपोआप उतरलेले असेल, मग त्या दिवशी दगडाची गरजच नाही. आदल्या रात्री घरी पाहुणे असतील, जेवणे लांबतील आणि ताटात पापड-लोणचे असेलच. तिथे हात आखडता घेतलात तर सकाळी दगडाला काम कमी उरेल. नवीन तेल, नवीन क्रीम, बर्फाच्या पाण्यात चेहरा बुडवणे असले प्रयोग शेवटच्या दहा दिवसांत करू नका.

डबल चिनसाठी मात्र मे महिन्यापर्यंत माझ्या हातून काही होण्यासारखे नाही. वजन जास्त असेल आणि ते सावकाश उतरले तर हनुवटीखालीही काही प्रमाणात उतरते. चरबी विरघळवणारी इंजेक्शने किंवा ती शोषून काढणारी शस्त्रक्रिया हा प्लास्टिक सर्जनचा प्रांत आहे. त्या इंजेक्शनांची सूज उतरायला आठवडे लागतात आणि बहुधा ती एकाहून अधिक वेळा घ्यावी लागतात, त्यामुळे तारीख जवळ आल्यावर तिकडे वळू नका. फोटोग्राफरला मात्र आधीच सांगून ठेवा की कॅमेरा डोळ्यांच्या किंचित वरच्या उंचीवर धरा. आणि तुम्ही स्वतः मान मागे न ओढता हनुवटी दोन बोटे पुढे आणून थोडी खाली ठेवा. आरशासमोर एकदा करून पाहा, वळी तिथल्या तिथे पुसट होते.